26 मुलं, 9 मोजमापं: वाढीच्या रेषेला प्रत्येकाचा वेगळा चढ का द्यावा लागतो

R सोबत येणाऱ्या nlme पॅकेजमध्ये Oxboys नावाचा एक छोटासा डेटा आहे. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डची 26 मुलं, प्रत्येकाची उंची 9 वेळा मोजलेली, एकूण 234 ओळी. सगळे मुलगे, किशोरवयात शिरणारे. वय वर्षांत न देता प्रमाणित करून दिलं आहे: पहिल्या मोजमापाला ते −1 असतं, शेवटच्याला जवळजवळ +1, आणि शून्य मधोमध येतं. पॅकेजच्या मदत-पानावर वयाला एकक नाही, म्हणून इथे मी ‘वयाचं एक एकक’ असंच म्हणेन. उंची सेंटिमीटरमध्ये आहे.

एकाच मुलाच्या उंचीची पुन्हा पुन्हा नोंद असेल तेव्हा रँडम इंटरसेप्ट, म्हणजे प्रत्येकाची वेगळी पातळी, पुरतं की रँडम स्लोप, म्हणजे प्रत्येकाचा वेगळा चढ, तोही घ्यावा लागतो, हा प्रश्न समजून घ्यायला हा डेटा फार चांगला आहे. तो इतका लहान आहे की प्रत्येक मुलगा वेगळा पाहता येतो. मोजमापं सगळ्यांची पूर्ण आहेत, त्यामुळे बरेच आकडे कागदावर पडताळता येतात. या पट्ट्यात वाढही बऱ्यापैकी सरळ रेषेत आहे. पहिल्या क्रमांकाचा मुलगा 140.5 सेंमीपासून सुरू होतो, मध्यावर 147.7 वर असतो आणि शेवटी 155.8 वर पोचतो. त्याचे नऊ बिंदू आलेखावर मांडले तर पट्टी ठेवून रेघ मारता येईल.

मॉडेल दोन आहेत, आणि कोडमध्ये त्यांच्यात एका शब्दाचा फरक आहे.

```r
library(lme4)
data(Oxboys, package = "nlme")
m1 <- lmer(height ~ age + (1 | Subject), data = Oxboys)
m2 <- lmer(height ~ age + (age | Subject), data = Oxboys)
```

m1 म्हणतं की प्रत्येक मुलाची रेषा वर किंवा खाली सरकलेली असेल, पण सगळ्या रेषा एकमेकींना समांतर आहेत. उंच मुलगा उंच, बुटका मुलगा बुटका, पण वाढण्याचा वेग सगळ्यांचा एकच. m2 ही अट काढून टाकतं. प्रत्येक मुलाला स्वतःची पातळी मिळते आणि स्वतःचा चढही मिळतो. शिवाय पातळी आणि चढ यांच्यात सहसंबंध असू शकतो, तोही मॉडेल डेटातूनच काढतं.

समांतर रेषांचं मॉडेल वरवर छान दिसतं

m1 चं उत्तर असं येतं: वय शून्य असताना सरासरी उंची 149.37 सेंमी, वयाच्या एका एककात सरासरी वाढ 6.52 सेंमी. मुलामुलांमधल्या पातळीचं प्रमाण विचलन 8.10 सेंमी, आणि उरलेल्या अवशेषांचं 1.31 सेंमी. विचरणाच्या भाषेत सांगायचं तर एकूण विचरणापैकी 97 टक्के ‘मुलगा कोणता’ यातच आलं. हा आकडा पाहून पुष्कळ जण इथेच थांबतात. 97 टक्के समजलं, तर उरलेल्या सव्वा-दीड सेंमीचं कोण मनावर घेणार?

सगळे 234 अवशेष एकत्र करून आलेख काढला तरी काही खटकत नाही. शून्याभोवती बिंदूंचा ढग दिसतो, टोकांना तो थोडा जाड असतो, इतकंच. खटकतं ते एकेका मुलाचे अवशेष वेगळे काढल्यावर.

दहाव्या क्रमांकाचा मुलगा घेऊ. तो या सगळ्यांत सर्वांत बुटका आहे. सुरुवातीला 126.2 सेंमी, शेवटी 134.2. म्हणजे पूर्ण काळात तो 8 सेंमी वाढला. m1 त्याची पातळी खाली आणतं, पण चढ मात्र त्याला सगळ्यांचाच, 6.52 चा देतं. परिणामी त्याच्या पहिल्या मोजमापाला मॉडेल 123.7 सांगतं, प्रत्यक्ष उंची त्याहून 2.5 सेंमी जास्त निघते. शेवटच्या मोजमापाला मॉडेल 136.7 सांगतं, प्रत्यक्ष उंची 2.5 सेंमी कमी. मधले अवशेषही ओळीने पाहिले तर पहिले चार धन आहेत आणि पुढचे पाचही ऋण. पहिल्या क्रमांकाच्या मुलाच्या बाबतीत उलटं घडतं. त्याची सुरुवात मॉडेलपेक्षा 1.1 सेंमी खाली, शेवट 1.2 सेंमी वर.

अशी शिस्तबद्ध चिन्हं मोजमापाच्या चुकीतून येत नाहीत. उंची मोजताना टाच थोडी उचलली गेली, मान वाकली, सकाळऐवजी संध्याकाळी मोजलं, तर काही मिलिमीटरचा फरक पडतो आणि तो कधी इकडे कधी तिकडे पडतो. एका मुलाचे अवशेष आधी सगळे वर आणि मग सगळे खाली असतील, तर मॉडेलने त्या मुलाला चुकीचा चढ दिला आहे. तपासायची सोपी रीत म्हणजे प्रत्येक मुलासाठी अवशेष विरुद्ध वय असा छोटा आलेख काढायचा. 26 चौकटी एका पानावर सहज मावतात. त्यांत तिरप्या रेघा दिसल्या तर रँडम स्लोप हवा आहे हे कुठल्याही चाचणीआधी कळतं.

चढाला मोकळं सोडल्यावर

m2 चं उत्तर: सरासरी पातळी 149.37, सरासरी चढ 6.53. स्थिर भागात जवळजवळ काहीच बदललं नाही. पातळीचं प्रमाण विचलन 8.08 सेंमी, तेही तेवढंच. पण आता चढालाही स्वतःचं प्रमाण विचलन आहे, 1.68 सेंमी प्रति एकक, आणि पातळी-चढ सहसंबंध 0.64. अवशेषांचं प्रमाण विचलन 1.31 वरून 0.66 वर आलं, म्हणजे निम्मं झालं.

1.68 म्हणजे किती, हे सरासरी चढाशेजारी ठेवून पाहावं. सरासरी चढ 6.53 असेल आणि त्याभोवती 1.68 चा पसारा असेल, तर बहुतेक मुलांचे चढ सव्वातीन ते पावणेदहा यांच्या दरम्यान येतील. काही मुलं इतरांच्या अडीचपट वेगाने वाढत आहेत. दहाव्या मुलाचा चढ जेमतेम 3.7 आहे. सर्वांत उंच असलेल्या चौथ्या मुलाचा 9 च्या वर आहे. समांतर रेषांची कल्पना या मुलांना अजिबात लागू नाही. किशोरवयाच्या तोंडाशी हे अपेक्षितच असतं. कोणाची झपाट्याची वाढ सुरू झालेली असते, कोणाची अजून व्हायची असते.

m1 मधल्या अवशेषांचं काय झालं तेही हिशेबाने सांगता येतं. मोजमापं सगळ्यांची सारखी असल्यामुळे m1 च्या अवशेषांची वर्गबेरीज दोन भागांत फोडता येते: एक भाग मुलांच्या चढांतल्या फरकामुळे आलेला, दुसरा प्रत्येक मुलाच्या स्वतःच्या रेषेभोवती उरलेला. पहिला भाग जवळपास 78 टक्के निघतो. ज्याला m1 ‘गोंगाट’ म्हणत होतं, त्याच्या तीन चतुर्थांशाहून जास्त हिस्सा म्हणजे मुलांच्या वाढीतला खरा फरक होता.

सरासरी तीच, पण तिच्यावरचा विश्वास वेगळा

आता ज्यासाठी हे सगळं महत्त्वाचं आहे ती गोष्ट. सरासरी चढ दोन्ही मॉडेलांत जवळजवळ सारखाच आला, पण त्याची प्रमाण त्रुटी m1 मध्ये 0.13 आहे आणि m2 मध्ये 0.34. अडीचपट फरक.

हे आकडे कुठून येतात ते हातानेच पाहू. एका मुलाच्या नऊ वयांची त्यांच्या सरासरीपासूनची वर्गबेरीज 3.76 येते. 26 मुलांची मिळून 97.8. m1 च्या मते अवशेषांचं विचरण 1.718, त्याला 97.8 ने भागून वर्गमूळ काढलं की 0.13. इथे m1 ने 234 मोजमापं 234 स्वतंत्र साक्षीदारांसारखी धरली आहेत. पातळीचा फरक काढून टाकला की बाकी सगळं स्वतंत्र, असं ते मानतं.

m2 वेगळा हिशेब करतं. त्याच्या दृष्टीने प्रत्येक मुलगा म्हणजे एक चढ. या चढांचं विचरण दोन गोष्टींनी बनतं: मुलांमधला खरा फरक, 2.82, आणि त्या मुलाचा चढ नऊ मोजमापांवरून काढताना झालेली चूक, म्हणजे m2 च्या अवशेषांचं विचरण 0.44, त्याला 3.76 ने भागून 0.12. एकूण 2.94. मुलं 26, म्हणून 2.94 ला 26 ने भागून वर्गमूळ, 0.34.

या दुसऱ्या हिशेबात डोळ्यांत भरतं ते प्रमाण. 2.94 मधला 2.82 हा भाग मोजमापांनी कमी होणाराच नाही. याच 26 मुलांची उंची त्याच काळात रोज मोजली असती तरी प्रमाण त्रुटी 0.336 वरून 0.329 च्या खाली गेली नसती. सरासरी वाढीचा वेग अधिक नेमका हवा असेल तर जास्त मुलं घ्यावी लागतात, त्याच मुलांकडे जास्त वेळा जाऊन भागत नाही. m1 वर विसंबून अभ्यासाची आखणी केली तर नेमका उलटा सल्ला मिळतो, कारण m1 मध्ये मोजमापं वाढवत नेली की त्रुटी शून्याकडे जाते. मोजायला माणसं पाठवण्याचा खर्च ठरवणाऱ्याने हा फरक लक्षात घ्यायलाच हवा.

एकाच गटाचा सरासरी चढ काढायचा असेल तर 0.13 काय आणि 0.34 काय, 6.5 शून्यापेक्षा वेगळा आहे यात कोणाला शंका नव्हतीच. खरा धोका दोन गटांच्या तुलनेत आहे. समजा या 26 मुलांपैकी कोणत्याही 13 जणांना चिठ्ठ्या टाकून ‘अ’ म्हटलं आणि बाकीच्या 13 जणांना ‘ब’. नावं निव्वळ चिठ्ठ्यांनी दिलेली, म्हणजे दोन्ही गटांच्या वाढीत खरा फरक काहीच नाही. पण मुलांचे चढ वेगवेगळे असल्यामुळे दोन गटांचे सरासरी चढ थोडेफार वेगळे येणारच. हा फरक साधारण 0.67 च्या प्रमाण विचलनाने इकडे-तिकडे हलतो. m1 मात्र त्याची प्रमाण त्रुटी 0.27 समजतं. नेहमीच्या 5 टक्के पातळीवर m1 साधारण 0.52 पेक्षा मोठा फरक ‘लक्षणीय’ ठरवेल, आणि निव्वळ योगायोगाने तेवढा फरक पडण्याची शक्यता सुमारे 44 टक्के आहे. पाचाच्या जागी चव्वेचाळीस.

पोषक आहार दिलेली मुलं आणि न दिलेली मुलं, दोन शाळा, दोन जिल्हे, अशी कुठलीही तुलना जेव्हा वाढीच्या वेगाची असते आणि मॉडेलात फक्त रँडम इंटरसेप्ट असतं, तेव्हा ही चूक तिच्यात दबा धरून असते. त्यामुळे माझं मत ठाम आहे: वय आणि गट यांच्या परस्परक्रियेबद्दल निष्कर्ष काढायचा असेल तर वयाचा रँडम स्लोप मॉडेलात असायलाच हवा. तो घेऊन मॉडेल जुळत नसेल तर का जुळत नाही ते शोधावं, गुपचूप (1 | Subject) वर परत येऊ नये.

तीन मोजमापांवरून पुढचा अंदाज

दुसरा परिणाम एका मुलाबद्दलच्या अंदाजात दिसतो, आणि वाढीच्या तपासणीत प्रत्यक्ष उपयोग त्याचाच होतो. पुन्हा दहाव्या मुलाकडे जाऊ. समजा त्याची पहिली तीनच मोजमापं हाती आहेत: 126.2, 128.2, 129.0. त्याच्या शेवटच्या भेटीत तो किती उंच असेल? पातळी, चढ आणि विचरणांचे आकडे m1 आणि m2 मधूनच घेऊ. ते काढताना या मुलाचीही सगळी मोजमापं वापरली गेली आहेत, त्यामुळे ही काटेकोर परीक्षा नाही, पण दोन मॉडेलं विचार कसा करतात ते यातून स्वच्छ दिसतं.

m1 त्या तीन मोजमापांवरून मुलाची पातळी ठरवतं आणि पुढे सगळ्यांच्याच चढाने रेघ ओढतं. उत्तर येतं 139.2 सेंमी, आणि m1 च्या मते ते दोन्हीकडे साधारण 3 सेंमीपर्यंत चुकू शकतं, म्हणजे 136.2 ते 142.2. प्रत्यक्षात उंची भरली 134.2. m1 च्या पट्ट्यात ती बसत नाही. अंदाजाच्या तीनपट प्रमाण त्रुटीहूनही ती खाली आहे. या मॉडेलवर तपासणी चालवली असती तर या मुलाची वाढ खुंटली म्हणून धावपळ झाली असती.

आता त्याच तीन बिंदूंतून फक्त त्याची स्वतःची रेषा काढली तर चढ 5.16 येतो. या चढावर किती भरवसा ठेवायचा? तीनही मोजमापं सुरुवातीच्या थोड्याशा काळातली आहेत, वयांची वर्गबेरीज 3.76 ऐवजी अवघी 0.14 उरते. त्यामुळे या चढातल्या चुकीचं विचरण 3.0 होतं, म्हणजे मुलांमधल्या खऱ्या फरकापेक्षाही, 2.82 पेक्षाही, जास्त. असा चढ जसाच्या तसा घेणं शहाणपणाचं नाही.

m2 त्या चढाला सरासरी चढाकडे ओढतं. पण इथे ते आणखी एक गोष्ट वापरतं. पातळी आणि चढ यांच्यात धन सहसंबंध आहे. हा मुलगा सरासरीपेक्षा जवळजवळ 17 सेंमी खाली आहे, आणि या डेटात बुटकी मुलं हळू वाढताना दिसतात, म्हणून त्याचा चढ सरासरीपेक्षा बराच कमी असणार असा अंदाज त्याची पातळीच देते. दोन्ही पुरावे मिळून m2 त्याला 4.75 चा चढ देतं. स्वतःच्या तीन बिंदूंनी दिलेल्या 5.16 पेक्षाही कमी! पहिल्यांदा पाहताना हे विचित्र वाटतं, कारण ‘सरासरीकडे ओढणं’ म्हणजे 5.16 आणि 6.53 यांच्या मध्ये कुठेतरी यायला हवं असं आपण धरून चाललेलो असतो. पण ओढ सरासरी मुलाकडे नसते. ओढ असते ती त्या पातळीच्या मुलाकडून अपेक्षित असलेल्या चढाकडे.

m2 चा अंदाज 136.1 सेंमी, आणि पट्टा साधारण 132 ते 140. प्रत्यक्ष 134.2 त्यात आरामात बसतं. अंदाज m1 पेक्षा 3 सेंमीने जवळ आहे, पण मला अधिक मोलाची वाटते ती पट्ट्याची रुंदी. m2 चा पट्टा रुंद आहे, कारण तीन मोजमापांवरून चढ नीट कळलेला नाही हे त्याला ठाऊक आहे. m1 ला तो प्रश्नच पडत नाही, म्हणून त्याचा पट्टा अरुंद आहे आणि चुकीचा आहे.

एकदा नऊही मोजमापं हाती आली की हे ओढणं जवळजवळ थांबतं. तेव्हा चढातली चूक 0.12 आणि खरा फरक 2.82, म्हणजे मुलाचा स्वतःचा डेटाच बोलतो. अंगणवाडीच्या नोंदींसारख्या डेटात, जिथे काही मुलांच्या दहा भेटी असतात आणि काहींच्या दोन-तीनच, हे कमी-जास्त ओढणं प्रत्येक मुलासाठी आपोआप त्याच्या त्याच्या प्रमाणात होतं.

शून्य कुठे आहे त्यावर सहसंबंध ठरतो

0.64 या सहसंबंधाबद्दल थोडं सावध राहायला हवं. तो ‘उंच मुलं वेगाने वाढतात’ असं म्हणतो, पण कोणत्या वयाला उंच? वय शून्य असताना, म्हणजे काळाच्या मध्यावर उंच. तोपर्यंत वेगाने वाढणाऱ्यांनी अर्धं अंतर कापलेलं असतं, त्यामुळे ती मुलं काही अंशी वेगाने वाढल्यामुळेच उंच आहेत. शून्य सुरुवातीला सरकवलं, म्हणजे age + 1 वापरलं, तर तोच सहसंबंध 0.49 होतो. मॉडेल तेच, जुळणी तीच, अंदाज तेच, फक्त आकडा वेगळा. अहवालात सहसंबंध देताना वयाचा शून्यबिंदू कुठे घेतला ते सांगितलं नाही तर तो आकडा निरर्थक आहे.

यातूनच दुसरी चूक होते. मॉडेल जुळत नाही म्हणून किंवा सोपं वाटतं म्हणून अनेक जण (age || Subject) लिहितात, म्हणजे सहसंबंध शून्य धरतात. वाढीच्या डेटात ही अट निरुपद्रवी नाही. m2 नुसार मुलांच्या उंचीचा पसारा सुरुवातीला 7.2 सेंमी, मध्यावर 8.1 आणि शेवटी 9.3 असा वाढत जातो. रेषा उजवीकडे फाकत जातात, आणि आलेखात तसंच दिसतं. सहसंबंध शून्य धरला तर पसारा शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच वाढला पाहिजे, म्हणजे सुरुवातीला आणि शेवटी तो एकसारखा असायला हवा. डेटाशी हे जुळत नाही. आणि शून्य हलवलं की हे मॉडेलही बदलतं, जुळणीही बदलते. वय कुठून मोजायचं ही आपल्या सोयीची बाब, तिच्यावर निष्कर्ष अवलंबून राहू नयेत. m1 बद्दल तर बोलायलाच नको, त्याच्यात पसारा सगळ्या वयांना 8.2 सेंमीच असतो.

चाचणी, आणि तिच्या पलीकडे

औपचारिक तुलना हवीच असेल तर दोन्ही मॉडेलांचा स्थिर भाग सारखा असल्याने REML वरच ती करता येते.

```r
anova(m1, m2, refit = FALSE)
```

refit = FALSE लिहिलं नाही तर lme4 दोन्ही मॉडेलं ML ने पुन्हा जुळवतं. REML चा निकष m1 साठी 940.0 आणि m2 साठी 724.1 आहे. दोन जादा प्राचलांसाठी 216 ची घट, इथे वादाला जागा नाही. घट 4-5 सारखी छोटी असते तेव्हा मात्र लक्षात ठेवावं की विचरण शून्याच्या खाली जाऊ शकत नाही, त्यामुळे नेहमीच्या काय-वर्ग सारणीतलं p-मूल्य गरजेपेक्षा मोठं येतं. तेवढ्या काठावरच्या p-मूल्याच्या जोरावर रँडम स्लोप काढून टाकू नये.

दर मुलामागे दोनच मोजमापं असतील तर m2 जुळवता येत नाही. दोन बिंदूंतून रेषा तंतोतंत जाते, मग चढातला फरक कोणता आणि मोजमापाची चूक कोणती हे वेगळं करायला काही उरत नाही. lmer अशा वेळी यादृच्छिक परिणामांची संख्या ओळींच्या संख्येइतकी आहे असं सांगून नकार देतं. तो नकार control मधली तपासणी बंद करून डावलता येतो, पण तसं करू नये. तीन मोजमापं असली तरी ती जवळजवळच्या काळातली असतील तर singular असा इशारा येण्याची शक्यता मोठी: सहसंबंध 1 ला टेकलेला किंवा चढाचं विचरण शून्यावर. चढ सगळ्यांचे सारखे आहेत असा त्याचा अर्थ घेऊ नये. इतक्या कमी डेटातून तो फरक दिसत नाही, एवढंच त्यातून कळतं.

शेवटची मर्यादा रेषेचीच आहे. m2 नंतर उरलेले 0.66 सेंमी हे निव्वळ मोजमापाच्या चुकीपेक्षा थोडे जास्तच आहेत, आणि एकेका मुलाचे अवशेष पाहिले तर काहींत आता वाक दिसतो: मध्यावर वर, टोकांना खाली, किंवा याच्या उलट. वाढीचा झपाटा त्या काळातच सुरू झालेल्या मुलाची रेषा वळणारच. त्यासाठी I(age^2) चा स्थिर आणि यादृच्छिक भाग घालून पाहता येतो. 26 मुलांवर नऊ मोजमापांत तेवढं झेपतं. अर्भकांच्या उंचीत, जिथे वेग पहिल्या वर्षातच झपाट्याने उतरतो, सरळ रेषेचा रँडम स्लोप वयाचं रूपांतर केल्याशिवाय किंवा स्प्लाइन घेतल्याशिवाय वापरूच नये. m2 ची रेषा डेटाच्या बाहेर ओढणंही तसंच. त्याच्या हिशेबाने मुलांच्या उंचीचा पसारा वय −3.1 च्या आसपास सर्वांत कमी होतो आणि त्याच्या मागे जाताना पुन्हा वाढू लागतो. हा वर्गसमीकरणाचा गुण आहे, तो मुलांच्या वाढीचा नियम म्हणून वाचायचा नसतो. −1 ते +1 च्या आत हे मॉडेल विश्वासाने वापरावं. त्या पट्ट्याबाहेरच्या वयाबद्दल बोलायचं असेल तर त्या वयाची मोजमापं आणावीत.